घरदुरुस्तीसाठी कर्ज

लग्नसराईच्या आधी सोलापुरातली घरं फार मोडकळीला येतात. एका पतसंस्थेच्या कर्जविभागात मी २७ वर्षं काढली, म्हणून सांगू शकतो. तुळशीची लग्नं लागली की अर्ज यायला सुरुवात व्हायची आणि 'कर्जाचे कारण' या रकान्यात एकाच वळणाचं उत्तर असायचं: घरदुरुस्ती. कर्जदार खाली बघायचा, जामीनदार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा आणि मी शिक्का मारायचो. तीन-चार महिन्यांनी त्याच घरची लग्नपत्रिका माझ्या टेबलावर यायची. मीही जायचो, जेवायचो आणि येताना त्या घराच्या भिंतीकडे मुद्दाम बघायचो. रंगाचा हातसुद्धा फिरलेला नसायचा.

लग्नातल्या उधळपट्टीवर लिहिणारे-बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा राग खरा आहे. पण त्यांचा उपाय बहुतेक वेळा एकच असतो: माणसं कमी बोलवा. संसदेत आलेली खासगी विधेयकंही याच वळणाची. २०१६ च्या रंजीत रंजन यांच्या विधेयकात लग्नावर ५ लाखांहून जास्त खर्च करणाऱ्याने १० टक्के रक्कम गरीब मुलींच्या लग्नांसाठी द्यावी असं होतं. २०२० च्या जसबीरसिंग गिल यांच्या विधेयकात दोन्हीकडचे मिळून १०० पाहुणे, १० पदार्थ आणि २,५०० रुपयांपर्यंतचा आहेर अशी मर्यादा होती. दोन्हींचा कायदा झाला नाही. पण 'शंभरच माणसं' हे सूत्र लोकांच्या तोंडी बसलं आहे, आणि ते मला पटत नाही. का पटत नाही, ते माझ्या भाचीच्या लग्नावरून झालेल्या भांडणाने मला नीट समजलं. नावं सांगत नाही. घरातली गोष्ट आहे.

माझी बहीण अशोक चौकाच्या बाजूला राहते. मेहुणे यंत्रमागावर होते, आता त्यांच्याच्याने उभं राहवत नाही. बहिणीने आयुष्यभर विड्या वळल्या. पत्ती भिजवायची, कापायची, सुपात तंबाखू घेऊन बसायचं आणि हजार विड्या भरल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या. भाची एका दवाखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते. होणारा जावई चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर. साखरपुडा घरच्या घरी झाला होता आणि लग्न दोन्हीकडून निम्म्या-निम्म्या खर्चाने करायचं ठरलं होतं. आमच्या पिढीत हे ऐकायला मिळालं नसतं, म्हणून मी मनातून खूश होतो.

एका रविवारी जावई, त्याचे आईवडील, आम्ही सगळे बसलो आणि जुन्या पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर भाचीने अंदाजपत्रक मांडलं. कार्यालय, लाइट-साफसफाईसह १ लाख १० हजार. जेवण २६० रुपये ताट, ९०० माणसं, म्हणजे २ लाख ३४ हजार. स्टेज आणि फुलं १ लाख २० हजार. फोटो, व्हिडिओ, ड्रोन, प्री-वेडिंग मिळून १ लाख १० हजार. मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, शर्टपीस १ लाख ३० हजार. नवरा-नवरीचे कपडे आणि मेकअप ९० हजार. बँड, घोडा, डीजे ६० हजार. पत्रिका, गुरुजी, रिक्षा-टेम्पो आणि किरकोळ ४६ हजार. बेरीज बरोबर ९ लाख. सोनं यात धरलेलं नव्हतं.

दोन्ही घरांचं मिळून हातात होते ५ लाख. उरलेले ४ लाख कुठून, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी जावयाकडे बघितलं, कारण पगाराची स्लिप त्याच्याकडे होती.

तो म्हणाला, "रजिस्टर करू या. शंभर माणसांना चहा-नाष्टा देऊ, विषय संपला."

भाचीने पेन खाली ठेवलं. "माझ्या आईने तीस वर्षं लोकांच्या लग्नात जाऊन काय चहाच पिला का?"

"तुला मिरवायचंय म्हणून मी कर्ज काढू?"

"आणि तुला चांगुलपणा मिरवायचाय."

यापुढचं लिहीत नाही. तो चहा न घेता हेल्मेट उचलून गेला. त्याची आई, "पोराला घर सोडून जावं लागलं की ओ," असं दोनदा म्हणाली आणि त्याही उठल्या. भाची स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासलेली होती.

त्या क्षणी कुणी बाहेरून बघितलं असतं तर निकाल सोपा होता. मुलगा पुरोगामी, मुलगी हौशी. मलाही तसंच वाटलं, आणि साधेपणाच्या बाजूने वर्षानुवर्षं मान डोलावणाऱ्या माझ्यासारख्याला जावयाचा अभिमानही वाटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात रस्त्याला त्याला चहाला गाठलं ते शाबासकी द्यायलाच.

त्याने शाबासकी घेतली नाही. म्हणाला, "मामा, माझ्या ताईच्या लग्नाचा अल्बम आमच्या घरात कुणी उघडत नाही." त्या लग्नाला वडिलांनी कर्ज काढलं होतं. घरदुरुस्तीसाठी. (आमच्याच संस्थेतून नव्हे. मी लगेच विचारलं. माझ्याच्याने राहवलं नाही.) पहिली दोन वर्षं हप्ते गेले, मग वडिलांचा कारखाना बंद पडला. वसुलीवाला यायचा तेव्हा वडील मागच्या दाराने शेजाऱ्यांकडे जाऊन बसायचे आणि सातवीतला हा दारात उभा राहून सांगायचा, बाबा गावाला गेलेत. पुढे इंजिनिअरिंगला नंबर लागत असूनही तो आयटीआयला गेला. त्याला नऊशे किंवा शंभर या आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. आपल्या दारात पुन्हा तसं कुणी उभं राहू नये, एवढंच त्याला हवं होतं. साधं लग्न हा त्याच्या तत्त्वाचा भाग नव्हता. ती त्याने शोधलेली पळवाट होती.

कर्जाचं गणित मी त्याला कपाखालच्या कागदावर करून दाखवलं, तेही त्याची बाजू बळकट करायला. ४ लाख, १४ टक्के, पाच वर्षं. हप्ता साधारण ९,३०० रुपये, असे ६० हप्ते. एकूण फेड ५ लाख ५८ हजारांच्या घरात. दीड लाखाच्या वर नुसतं व्याज. लग्नाचा खर्च ९ लाख असं आपण म्हणतो, पण तो साडेदहा लाख असतो, आणि वरचा दीड लाख जो जेवला त्याला माहीत नसतो.

इकडे बहिणीने आहेराची वही काढली होती.

ही वही आमच्याकडे घरोघर असते. सोलापूरचे टॉवेल महाराष्ट्रभर आहेरात फिरतात, आमच्याकडे तर ते फिरून परत आमच्याच घरात येतात. वहीत एका बाजूला आपण दिलेलं, दुसऱ्या बाजूला आलेलं. कुणाची मुलगी, तारीख, टॉवेल-टोपी, ५१ रुपये, स्टीलचं पातेलं, साडी. 'आहेर आणू नये' असं पत्रिकेत छापून ही वही बंद पाडणं सोपं असतं, ज्याने आजवर घेतलेलंच जास्त असतं त्याला. घेणाऱ्याने वही बंद केली तर तो मोठेपणा म्हणवतो. ज्याने आजवर फक्त दिलंय त्याने बंद केली तर तोटा.

पण भांडणाचं मूळ आहेरात नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर 'ह्यांच्या ऑपरेशनला' असं लिहून ३१ बायकांची नावं होती. पुढे शंभर, दोनशे, एका ठिकाणी पन्नास. या सगळ्या बहिणीबरोबर विड्या वळणाऱ्या. निम्म्या घरी तेलुगू बोलणाऱ्या, एकीलाही कधी पैसे परत घेताना बघितलं नाही असं भाची म्हणाली. परत द्यायला गेलं की म्हणायच्या, पोरीच्या लग्नात जेवू घाल. भाची तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिने ते वाक्य शब्दशः धरून ठेवलं होतं. जावई म्हणाला शंभर माणसं, आणि तिच्या डोक्यात पहिला हिशेब आला तो हा की दोन्हीकडचे सख्खे धरले की शंभर तिथेच संपतात. या ३१ जणी, त्यांची घरं, यादीच्या बाहेर.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो पाठकोरा कागद मी घरी नेला आणि २७ वर्षांत जे कधी केलं नाही ते केलं. प्रत्येक ओळ वेगळी तोलून बघितली. जावई म्हणत होता त्याप्रमाणे ९०० ची १०० माणसं केली तर ८०० ताटं वाचतात, म्हणजे २ लाख ८ हजार. लहान कार्यालय घेतलं तर आणखी ५० हजार. तरीही दीड लाखाच्या आसपास तूट राहतेच. म्हणजे आठशे माणसं दारातून परत पाठवूनसुद्धा कर्ज काढावंच लागणार. उलट माणसं ९०० च ठेवली, आणि स्टेज १५ हजारांत, फोटो ३० हजारांत, वाजंत्री १५ हजारांत, मानपान ४० हजारांत, कपडे ६० हजारांत आणि कार्यालयाऐवजी समाजाचा हॉल ६० हजारांत बसवला, तर वाचतात बरोबर ४ लाख. एकही माणूस न कापता कर्ज शून्य.

अंदाजपत्रकात जेवण होतं २६ टक्के. कर्ज ज्यामुळे काढावं लागत होतं ते माणसांमुळे नव्हे, माणसांना जे दाखवायचं होतं त्यामुळे. आणि कापायची वेळ आली की आपण पहिलं बोट ठेवतो ते माणसांवर, कारण फुलवाल्याला नाही म्हणायला आपल्याला लाज वाटते आणि मागच्या गल्लीतल्या बाईला नाही बोलावलं तर ती विचारायला येत नाही.

हा हिशेब सगळीकडे लागू पडेल असं नाही. गावाकडे गावजेवण असतं, दोन-अडीच हजार माणसं जेवतात, तिथे ताट दीडशेला पडलं तरी जेवणच तीन ते पावणेचार लाखांवर जातं आणि माझं गणित उलटतं. मोठ्या कार्यालयांमध्ये त्यांचाच केटरर घ्यावा लागतो, किमान ताटांचे पैसे आधीच बांधून घेतात, माणसं कमी आली तरी ते द्यावे लागतात. पण शहरातल्या मध्यम घरच्या लग्नात कागद समोर घेऊन बघा. माणशी वाढणारा खर्च आणि माणसांशी काही संबंध नसलेला खर्च असे दोन भाग करा. कायदा करणाऱ्यांनी बोट ठेवलंय ते पहिल्यावर.

आणि कायद्याने पाहुणे मोजले की काय होतं हे आपण एकदा बघितलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास अशी मर्यादा होती, मोडली तर ५० हजार दंड. कारण साथीचं होतं आणि ते योग्यच होतं. पण त्या काळात माझ्या ओळखीत जी लग्नं झाली, त्यातली जेवणं वाचली आणि देणंघेणं मात्र वाचलं नाही. "कार्यालयाचा खर्च वाचलाच आहे तर" असं म्हणून दोन तोळे जास्त मागितल्याची एक बैठक मी स्वतः ऐकली आहे. पंगत उठली की साक्षीदारही उठतात, हेही त्यात होतं.

साक्षीदार हा शब्द मी सोलापूरकर म्हणून वापरतो. आमच्याकडे संक्रांतीच्या सुमाराला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं. सातही नंदीध्वज येतात, सम्मती कट्ट्यापाशी सम्मती वाचली जाते आणि पांढऱ्या कपड्यातली अफाट गर्दी अक्षता टाकते. जागेचं नावच सम्मती. अक्षता टाकणारा माणूस तिथे खर्चाची बाब नसतो, त्याच्यावाचून लग्नच लागत नाही. म्हणून आमच्याकडे लग्नाला या असं न म्हणता अक्षताला या म्हणतात. शंभर माणसांच्या विधेयकात ही समज कुठेच नाही.

दुसरी बाजू जावयाच्या 'रजिस्टर'ची. त्याला वाटत होतं, एक दिवस कचेरीत जायचं आणि सह्या करून यायचं. रजिस्टर या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लावतात, ३० दिवस हरकतींची वाट बघतात आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली होते ती झालेल्या लग्नाची नोंद. तिथे आधी विधी झालेला असावा लागतो. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलेल्या एका जोडप्याच्या प्रकरणात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते लग्न वैध नसल्याचं सांगितलं, आणि त्याच निकालात हेही सांगितलं की लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे. म्हणजे कायद्याला विधी लागतो, ड्रोन लागत नाही. दोन्ही मार्ग चांगले आहेत. पण त्यातला कुठलाही कर्जाचं औषध म्हणून घ्यायचा नसतो.

पुढच्या रविवारी पुन्हा बसलो, या वेळी फक्त ते दोघं, मी आणि बहीण. बहिणीने वहीचं शेवटचं पान जावयापुढे ठेवलं, काही बोलली नाही. भाचीला मी वसुलीवाल्याची गोष्ट आधीच सांगितली होती. जावयाने सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगितली. तिने त्याला एकच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू विचारलंस का, मला कर्जाची भीती का वाटते? तू म्हणालीस मिरवतोय." मग दोघंही बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

मी एक प्रश्न प्रत्येक ओळीपुढे ठेवला: हे नेमकं कुणाला हवंय? उत्तरं ऐकण्यासारखी होती. प्री-वेडिंग तिला हवं असेल म्हणून त्याने होकार दिला होता. त्याला हवं असेल म्हणून तिने. फुलांचं स्टेज मुलीकडच्यांना हवं असणार असं त्याच्या आईने धरलं होतं, आणि मुलाकडचे नावं ठेवतील म्हणून माझ्या बहिणीने. लाख-लाखाच्या ओळी, आणि त्यांना मालकच नाही. डीजे मात्र त्याच्या धाकट्या भावाला खरोखर हवा होता. तो हलगी-सनईवर आला, रुसून. मेकअपच्या १२ हजारांवर जावयाने भुवई उचलली तेव्हा भाची म्हणाली, "ते मला हवंय. का, ते सांगणार नाही." राहिलं.

शेवटचा कागद असा झाला. समाजाचा हॉल ६० हजार. दुपारचं जेवण, एकच गोड, ताट २०० रुपये, ६०० माणसं, १ लाख २० हजार. स्टेज १५, फोटो ३०, मानपान फक्त दोन्हीकडच्या ज्येष्ठांचं ४०, कपडे-मेकअप ६०, वाजंत्री १५, पत्रिका आणि किरकोळ २५ हजार. एकूण ३ लाख ६५ हजार. नऊशेची सहाशे झाली ती दोघांनी स्वतः, आपापल्या ऑफिसांची आणि वडिलांच्या 'राजकीय ओळखीं'ची यादी गाळून. ३१ जणी सहकुटुंब आत राहिल्या.

आणि लगेच दुसरं भांडण सुरू झालं, १ लाख ३५ हजार उरले त्याचं. जावयाला ते फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याला हवे होते. बहिणीला गंठण. भाचीला तिच्या नावावर ठेव. मी भाचीच्या बाजूने बोललो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा आहे, पण "तुझ्या लग्नात एवढा खर्च केला" या एका वाक्यावर मुलींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतलेल्या मी कर्जाच्या कागदपत्रांत ढिगाने बघितल्या आहेत. फुलांवर गेलेला लाख हा तिचा वाटा कसा होतो? तिच्या हातात काय उरलं? म्हणून जे तिला द्यायचं ते तिच्या नावाने, आणि हुंडाबंदी कायद्याच्या १९८५ च्या नियमांप्रमाणे मिळालेल्या भेटींची यादी करून दोघांच्या सह्यांनी. हे म्हणताच जावई म्हणाला, "मामा, लग्नाआधीच केस तयार करताय का?" त्याला लागलं, हे दिसत होतं. भाचीनेही माझ्याकडे रागाने बघितलं. ३५ हजारांचं गंठण झालं, लाख तिच्या नावावर ठेवले गेले, यादीवर सह्या झाल्या नाहीत. मी अजूनही म्हणतो, व्हायला हव्या होत्या.

मानपान कमी झालं म्हणून त्याची आत्या अक्षताला आली नाही. स्टेजकडे बघून एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलाकडचे अडचणीत आहेत का ओ?" त्याची आई ते ऐकून दिवसभर गप्प होती आणि तो गप्पपणा अजून पूर्ण गेलेला नाही. कर्ज न काढण्याची किंमत बहुतेक वेळा घरातल्या बाईला अशी टोमण्यांत मोजावी लागते.

गुरुजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" अशी हाक दिली तेव्हा मी हॉलच्या मागे केटररशी वाद घालत होतो. तो म्हणत होता ५९० ताटं, माझ्या मोजणीत ५७१. भाची स्वतःच चालत निघाली होती, निम्म्या वाटेत तिला गाठलं. अक्षता पडल्यावर पहिल्या पंगतीला त्या ३१ जणींपैकी ज्या हयात आणि चालत्या होत्या त्या बसल्या, आणि वाढायला जावई होता. शर्टाच्या बाहीला वरण लागलं होतं. केटररशी ५८० वर तोडलं.